आयरिंग प्लॉट: डेटा एकच, एन्थाल्पी सारखी, पण एन्ट्रॉपी एकीची −७६ आणि दुसरीची −११०

केमीकन्या_अंबाझरी

नमस्कार मंडळी. नागपुरात एमएस्सीच्या शेवटच्या सेमिस्टरला आहे. प्रोजेक्टमध्ये इथाइल ॲसिटेट आणि सोडियम हायड्रॉक्साइडची अभिक्रिया घेतली आहे. मिसळल्यावर दोन्हींची संहती ०.०१ मोलर होते आणि कंडक्टिव्हिटी कशी उतरते त्यावरून रेट कॉन्स्टंट काढतो. प्रयोग मी आणि माझी पार्टनर मिळून केले. हा आमचा डेटा:

```
t/°C   k/(M^-1 min^-1)   (1/T)/K^-1    ln(k/T)
30          9.0          0.0032987     -3.517
35         12.5          0.0032452     -3.205
40         16.4          0.0031934     -2.949
45         22.4          0.0031432     -2.653
```

रेषा सुरेख येते, आर-स्क्वेअर ०.९९९. स्लोपवरून सक्रियण एन्थाल्पी दोघींचीही ४५.६ किलोजूल प्रति मोल आली. इंटरसेप्टवरून एन्ट्रॉपी मात्र माझी −७६ आणि तिची −११० जूल प्रति मोल प्रति केल्विन. तिने आधी k ला ६० ने भागून सेकंदात नेलं होतं. पण एकक बदलल्याने अभिक्रियेची एन्ट्रॉपी कशी बदलेल? आणि तशी बदलत असेल, तर एन्थाल्पी का बदलली नाही?

दुसरी गोष्ट. यापुढे हेच प्रयोग इथेनॉल-पाण्याच्या पाच मिश्रणांत करायचे आहेत आणि एन्थाल्पी विरुद्ध एन्ट्रॉपी असा आलेख काढायचा आहे. आमच्या सीनियरची त्यात अगदी सरळ रेषा आली होती.

धरमपेठकर

आर-स्क्वेअर ०.९९९ आहे म्हणजे डेटा चोख आहे, त्याची काळजी सोडा. आयरिंगच्या भानगडीत न पडता साधा अर्‍हेनियस काढा. `ln k` विरुद्ध `1/T` काढला की Ea मिळते, त्यातून RT वजा केलं की एन्थाल्पी. ३१० केल्विनला RT म्हणजे २.६ किलोजूल, त्यामुळे Ea ४८.२ च्या आसपास येईल. A वरून एन्ट्रॉपीही काढता येते. उत्तर तेच येणार, आणि एककाचा घोळही होणार नाही.

विज्ञानप्रेमी_बर्डी

एन्ट्रॉपी ऋण आली म्हणजे अभिक्रिया आपोआप होणारच नाही ना? मग ही खोलीच्या तापमानाला कशी चालते? मला वाटतं, चिन्ह तपासून बघा.

निवृत्त_कायनेटिक्स

विज्ञानप्रेमी, तुम्ही म्हणता ती अभिक्रियेची एन्ट्रॉपी, अभिकारकांपासून उत्पादितांपर्यंतची. इथे मोजतोय तो प्रवास फक्त माथ्यापर्यंतचा आहे, अभिकारकांपासून संक्रमण अवस्थेपर्यंतचा. हायड्रॉक्साइड आणि एस्टर हे दोन सुटे कण त्या माथ्यावर एकत्र येतात, त्यांचं स्वतंत्र हिंडणं-फिरणं संपतं, म्हणून ही एन्ट्रॉपी ऋण असते. चिन्ह बरोबर आहे.

बेटा, आता तुझा प्रश्न. आयरिंगचं समीकरण समोर ठेवून बघ:

```
ln(k/T) = ln(kB/h) + ΔS‡/R − ΔH‡/(R·T)
```

यातल्या `ln(kB/h)` साठी आपण सगळे डोळे मिटून २३.७६ लिहितो. पण हा आकडा येतो कुठून? बोल्ट्झमन स्थिरांकाला प्लांक स्थिरांकाने भागलं की २.०८ × १०^१० मिळतात, आणि त्याचं एकक आहे प्रति केल्विन प्रति सेकंद. प्लांक स्थिरांक जूल-सेकंदात आहे, म्हणजे सेकंद त्या २३.७६ मध्येच बसलेला आहे. तू k मिनिटात ठेवलास आणि २३.७६ मात्र सेकंदाचा वापरलास. `ln 60` म्हणजे ४.०९, त्याला ८.३१४ ने गुणलं की ३४. तुझ्या −७६ मधून ३४ वजा कर, −११० येतात. अभिक्रियेची एन्ट्रॉपी बदललेली नाही, समीकरणाच्या दोन बाजूंना दोन वेगळी घड्याळं लावली गेली.

एन्थाल्पी का हलली नाही? कारण ६० ने भागल्यावर चारही बिंदू सारख्याच अंतराने, ४.०९ ने खाली सरकतात. रेषा उभीच्या उभी खाली येते, तिचा उतार तोच राहतो. म्हणून स्लोप बरोबर आला याचा अर्थ एककं बरोबर होती असा होत नाही. वेळेच्या एककाची चूक स्लोपमध्ये कधीच दिसत नाही, ती अख्खी इंटरसेप्टमध्ये जाऊन बसते. संहतीच्या एककाचंही असंच आहे. लिटरऐवजी घनमीटर घेतलं की आणखी ५७.४ चा फरक पडतो. म्हणून −११० लिहिताना सोबत "प्रमाण अवस्था १ मोलर" हेही लिही.

पार्टनरचा आकडा बरोबर आहे. २५ अंशाला या अभिक्रियेचा k साधारण ०.११ प्रति मोलर प्रति सेकंद असतो. तुमची रेषा तिथपर्यंत वाढवली तर त्याच्याच जवळ येते. ही तपासणी प्रत्येकाने करावी.

धरमपेठकर, अर्‍हेनियसचा मार्ग चुकीचा नाही, Ea चा हिशेबही बरोबर आहे. पण A लाही एकक असतं, आणि त्यातून एन्ट्रॉपी काढताना तोच kB/h पुन्हा येतो. घोळ टळत नाही, एक पायरी पुढे जातो. आणि आर-स्क्वेअरबद्दल तुम्ही म्हणता ते मला पटत नाही. त्यावर संध्याकाळी लिहितो, ते नीट लिहायला हवं.

संत्रावाला_काटोल

मी फूड टेक्नॉलॉजीतला. संत्र्याचा रस ७०, ८०, ९० अंशांना तापवून क जीवनसत्त्व किती वेगाने कमी होतं ते मोजतो. पहिल्या कोटीचा k, प्रति मिनिट. एन्थाल्पी ५० किलोजूल आणि एन्ट्रॉपी −१४९ आली. वरचं वाचून मीही ३४ वजा केले, −१८३ झाले. इतकी ऋण एन्ट्रॉपी म्हणजे संक्रमण अवस्था फारच घट्ट बांधलेली, असं अहवालात लिहू का?

निवृत्त_कायनेटिक्स

संत्रावाले, −१८३ हे गणित बरोबर आहे, पण ते वाक्य लिहू नका. आयरिंगचं समीकरण एका प्राथमिक पायरीसाठी आहे. रसातलं ॲस्कॉर्बिक आम्ल विरघळलेल्या ऑक्सिजनने जातं आणि त्याच्याशिवायही जातं, म्हणजे तुमचा k अनेक पायऱ्यांची गोळाबेरीज आहे. शिवाय रस तापवला की त्यातला ऑक्सिजन कमी होतो, म्हणजे तुमच्या तीन तापमानांना परिस्थितीही एक नव्हती. साठवणुकीच्या अंदाजासाठी हे दोन आकडे वापरा, बिनधास्त वापरा. पण त्यांतून रेणूचं चित्र काढू नका. पोरीच्या अभिक्रियेत हायड्रॉक्साइडचा एस्टरवरचा हल्ला हीच वेग ठरवणारी पायरी आहे, म्हणून तिथे असं बोलता येतं.

आता आर-स्क्वेअर. तुमची सगळी मोजमापं `1/T` च्या ०.००३१४ ते ०.००३३० या पट्ट्यात आहेत. पट्ट्याची रुंदी ०.०००१६. आणि इंटरसेप्ट वाचायचा आहे शून्यावर, म्हणजे पट्ट्याच्या मध्यापासून ०.००३२२ अंतरावर. मोजलेल्या रुंदीच्या वीसपट लांब जाऊन आपण एन्ट्रॉपी वाचतो. वीस वीत लांब काठी एका टोकाला वीतभरच धरली तर दुसरं टोक किती झुलेल, तसं हे आहे. आर-स्क्वेअर सांगतो की धरलेल्या वीतभर भागात काठी सरळ आहे. टोक कुठे आहे हे तो सांगत नाही.

स्प्रेडशीटमध्ये ट्रेंडलाइनवर थांबू नका. `1/T` C स्तंभात आणि `ln(k/T)` D स्तंभात असेल तर असं लिहा:

```
=LINEST(D2:D5,C2:C5,TRUE,TRUE)
```

दुसऱ्या ओळीत स्लोप आणि इंटरसेप्ट यांच्या प्रमाण त्रुटी येतात. तुमच्या डेटावर मी हे केलं. एन्थाल्पी ४५.६ ± १.१, एन्ट्रॉपी −११० ± ३.५. पण चार बिंदूंतून दोन गोष्टी काढल्यावर हाती उरतात फक्त दोन मुक्तता अंश, म्हणून ९५ टक्के खात्रीसाठी या त्रुटींना ४.३ ने गुणायचं. मग होतात ४५.६ ± ४.७ आणि −११० ± १५. आर-स्क्वेअर ०.९९९ असूनही. "एन्ट्रॉपी ठळक ऋण आहे" हे तुम्ही ठामपणे म्हणू शकता. "एका मिश्रणात −११०, दुसऱ्यात −११८, म्हणून तिथे संक्रमण अवस्था जास्त बांधलेली" हे या डेटावरून म्हणता येत नाही.

लॅबवाले_भाऊ

मी कॉलेजच्या लॅबमध्येच काम करतो, हे प्रयोग दरवर्षी पाहून राहिलो. तुमचं गणित मले सगळं नाही समजत, पण एक सांगतो ताई. बाथचं टेम्परेचर अन् सेलमधलं टेम्परेचर एक नसते. पोरं बाथचा डिस्प्ले पाहून ४५ लिहून टाकतात. एस्टरची बाटली टेबलावरून उचलतात अन् तशीच ओततात. सेलमध्ये थर्मामीटर घालून पाहा, एखाद अंश कमीच निघते. अन् उन्हाळ्यात ३० अंशाला उलटं होते, कारण खोलीच चाळीसवर राहते. बर्फ टाकून बाथ ३० वर आणला तरी आत ओतलेलं द्रावण गरमच असते.

केमीकन्या_अंबाझरी

भाऊ, आम्ही दोन्ही द्रावणं दहा मिनिटं बाथमध्ये ठेवून मगच मिसळतो. पण सेलच्या आत तापमान मोजलेलं नाही, नोंद बाथच्या डिस्प्लेचीच आहे. ३० अंशाचा रन मे महिन्यातल्या दुपारचा आहे, बाथला चिलर नाही.

सर, एका अंशाने असा किती फरक पडेल?

निवृत्त_कायनेटिक्स

भाऊंनी या धाग्यातला सगळ्यात उपयोगी मुद्दा सांगितला आहे. समजा ४५ च्या रनला सेलमध्ये प्रत्यक्षात ४४ होते आणि बाकी तिन्ही बरोबर. k तोच, फक्त T सुधारून मी रेषा पुन्हा काढली. एन्थाल्पी ४५.६ ची ४८.४ झाली आणि एन्ट्रॉपी −११० ची −१०१. एका बिंदूतल्या एका अंशाने! आणि मे महिन्यात तर दोन्ही टोकं उलट बाजूंना चुकतात. थंड रन प्रत्यक्षात ३० पेक्षा गरम, गरम रन ४५ पेक्षा थंड. म्हणजे खरा पट्टा कागदावरच्या पट्ट्यापेक्षा अरुंद, आणि स्लोप खऱ्यापेक्षा कमी. ही चूक आर-स्क्वेअरमध्ये दिसतही नाही, कारण दोन्ही टोकं सारखीच आत ओढली गेली तर रेषा सरळच राहते. ती LINEST च्या त्रुटीतही येत नाही.

उपाय दोन. सेलमध्ये बारीक थर्मामीटर किंवा थर्मोकपल ठेवून मिसळल्यानंतरचं तापमान लिहा, आणि प्लॉटमध्ये तेच T घ्या. अगदी ३०.० असायला हवं असा नियम नाही, ३१.२ असेल तर ३१.२ लिहा. दुसरं म्हणजे पट्टा रुंद करा. १० ते ४५ अंश घेतलंत तर `1/T` ची रुंदी अडीचपट होते आणि दोन्ही त्रुटी जवळपास तितक्याच कमी होतात. सात-आठ तापमानं घेतलीत तर तो ४.३ चा गुणकही अडीचच्या आसपास येतो.

वर मात्र फार जाऊ नका. ४५ अंशाला तुमच्या ०.०१ मोलर संहतीत अर्ध-आयुष्य साडेचार मिनिटांच्या आत आहे, ३० ला अकरा मिनिटं. आणखी गरम केलं तर मिसळण्यातच पहिले वाचन निसटतात, आणि इथाइल ॲसिटेट उडायला लागतं. वाढवायचं ते खाली वाढवा.

लॅबवाले_भाऊ

खाली जायचं असेल तर डिसेंबर-जानेवारीत सकाळी सातला या. तेव्हा नळाचं पाणीच इतकं थंड राहते की थोडा बर्फ टाकला की बाथ १० वर येते अन् टिकते. अन् सोडियम हायड्रॉक्साइड त्याच दिवशी टायट्रेट करा. उघड्या बाटलीतलं हवेतला कार्बन डायऑक्साइड खाऊन बसते, मग तुमचं ०.०१ हे ०.०१ राहत नाही.

धरमपेठकर

मान्य, आर-स्क्वेअरवर मी जास्त विसंबलो. पण सीनियरच्या एन्थाल्पी-एन्ट्रॉपी रेषेचं काय? ते तर जुनं प्रसिद्ध नातं आहे, लेफलरने १९५५ मध्येच अशा पुष्कळ अभिक्रिया गोळा केल्या होत्या. इथेनॉल वाढवलं की हायड्रॉक्साइडभोवतीचं पाण्याचं वेष्टण बदलतं. बंध ढिले झाले की एन्थाल्पी एका दिशेने जाते आणि मोकळीक वाढून एन्ट्रॉपी तिच्या सोबत जाते. यात खोटं काय आहे?

निवृत्त_कायनेटिक्स

तुम्ही सांगता ते कारण खोटं नाही. प्रश्न एवढाच आहे की त्या आलेखावरून ते सिद्ध होतं का. एक करून बघा. पोरीच्या याच डेटातला ४५ चा बिंदू काढून टाका आणि तीन बिंदूंवर रेषा काढा. एन्थाल्पी ४४.८ येते, एन्ट्रॉपी −११२.९. द्रावक तोच, अभिक्रिया तीच, फक्त एक बिंदू गेला, आणि दोन्ही आकडे जोडीने खाली सरकले. एन्थाल्पीतला फरक एन्ट्रॉपीतल्या फरकाने भागा, साधारण ३०५ केल्विन येतात. आता तुमच्या तापमानांचं `1/T` मधलं सरासरी तापमान काढा, ते ३१०.६ केल्विन आहे.

हे जवळपास सारखं येणं योगायोग नाही. रेषेचा मध्य बिंदूंच्या घोळक्यात घट्ट रोवलेला आहे. उतार जरा तीव्र झाला की दूरवरचा इंटरसेप्ट वर जातो, मंद झाला की खाली येतो. म्हणून चुका स्वतःच एन्थाल्पी आणि एन्ट्रॉपीला एका सरळ रेषेवर बसवतात, आणि त्या रेषेचा उतार म्हणजे प्रयोगांचं सरासरी तापमान. पाचही मिश्रणांत खऱ्या किमती अगदी एकच असत्या, तरी सीनियरला सुंदर सरळ रेषा मिळाली असती. क्रग, हंटर आणि ग्रिगर यांनी १९७६ मध्ये हेच सांख्यिकीने नीट मांडलं.

बेटा, सीनियरच्या रेषेचा उतार किती होता?

केमीकन्या_अंबाझरी

आत्ताच तिला फोन करून विचारलं. ३१२ केल्विन. तापमानं आमचीच, ३० ते ४५.

निवृत्त_कायनेटिक्स

मग त्या रेषेवरून काहीही बोलता येणार नाही. उतार ४०० किंवा २५० आला असता आणि त्याची त्रुटी छोटी असती, तर गोष्ट वेगळी.

त्याऐवजी प्रत्येक मिश्रणासाठी सरासरी तापमानाची गिब्ज ऊर्जा काढ आणि एन्थाल्पी विरुद्ध ती, असा आलेख घे. ३१०.६ केल्विनला तुमच्या डेटाची सक्रियण गिब्ज ऊर्जा ७९.९ किलोजूल येते. बिंदू काढून टाकल्यावरही ७९.९ च. ती रेषेच्या मधोमध वाचली जाते, लांब कुठे नाही, म्हणून तिची त्रुटी एन्थाल्पीच्या त्रुटीत अडकलेली नसते. या आलेखात रेषा दिसली तर ती चुकांची सावली म्हणून झटकता येणार नाही. बिंदू नुसते विखुरलेले दिसले, तर सीनियरच्या रेषेत दुसरं काही नव्हतं.

धरमपेठकर

तरीही माझं म्हणणं पूर्ण सोडत नाही. इथेनॉल-पाण्यात विद्रावणाची एन्थाल्पी कॅलरीमीटरने थेट मोजता येते, तिथे इंटरसेप्टचा प्रश्नच नसतो, आणि तिथेही एन्थाल्पी-एन्ट्रॉपी एकमेकींची भरपाई करताना दिसतात. म्हणजे परिणाम खरा असू शकतो, फक्त चार तापमानांच्या कायनेटिक्समधून तो दिसत नाही.

निवृत्त_कायनेटिक्स

इतपत मलाही मान्य. असू शकतो. या अभिक्रियेत किती आहे ते हिवाळ्यातला डेटा बघूनच बोलू.

संत्रावाला_काटोल

एक शंका. इथेनॉलच का? मिथेनॉल घेतलं तर?

केमीकन्या_अंबाझरी

हे गाइडनी समजावलं होतं. अल्कोहोलमध्ये हायड्रॉक्साइड घातलं की थोडं अल्कॉक्साइड तयार होतं, आणि तेही एस्टरवर हल्ला करतं. इथेनॉलमध्ये त्यातून पुन्हा इथाइल ॲसिटेटच बनतं, काही बिघडत नाही. मिथेनॉलमध्ये मिथाइल ॲसिटेट बनेल आणि आम्ही दोन वेगळ्या एस्टरांचा मिसळलेला k मोजत बसू.

सर, आता असं ठरवलं आहे: १० ते ४५, दर पाच अंशांना एक, आठही तापमानं सेलच्या आत मोजून. आधी फक्त पाण्यात, मग २० आणि ४० टक्के इथेनॉल. पाच मिश्रणं घाईत करण्यापेक्षा तीन नीट. प्रबंधात एन्ट्रॉपीसोबत ९५ टक्क्यांची त्रुटी द्यायची की नुसती प्रमाण त्रुटी?

निवृत्त_कायनेटिक्स

कोणतीही दे, पण कोणती ते लिही आणि बिंदू किती होते तेही लिही. आणि परिशिष्टात k आणि T चा पूर्ण तक्ता दे, एककांसकट. नुसत्या एन्थाल्पी-एन्ट्रॉपीच्या जोड्या छापल्या तर पुढच्याला गोलाईमुळे मूळ k परत काढता येत नाही. एन्ट्रॉपीत ५ जूलचा फरक म्हणजे k मध्ये १.८ पटीचा फरक.